वर तीन तारा, खाली चार

गावाच्या वेशीवर किंवा शेताच्या बांधावर उभी असलेली डीपी जरा लांबूनच, पण नीट बघा. दोन खांब आणि त्यांच्या मधोमध ट्रान्सफॉर्मर. वरून येणाऱ्या ११ केव्हीच्या तारा मोजल्या तर तीन भरतात. खालून गावाकडे निघणाऱ्या मोजल्या तर चार. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वेगळी तार ओढली असेल तर पाच. ही चौथी तार ट्रान्सफॉर्मरने आणली कुठून? स्टार आणि डेल्टा या दोन जोडण्या समजून घ्यायला याहून सोपी जागा नाही, कारण या एकाच पेटीत वरची बाजू डेल्टात असते आणि खालची स्टारमध्ये. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला या विषयाची सूत्रं पाठ होतात. पण डीपीसमोर उभं केलं की तीच मुलं गोंधळतात. सूत्र आठवतं, पण ते कोणत्या दोन टोकांमध्ये लावायचं हे कळत नाही.

आधी थ्री-फेज म्हणजे काय ते थोडक्यात. वीजनिर्मिती केंद्रातल्या जनित्रात तीन एकसारख्या गुंडाळ्या एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या असतात. मधलं चुंबक फिरतं तसा तिन्हींत सारखाच दाब तयार होतो, पण एकाच वेळी नाही, एकीमागून एक. तिन्ही फेजना आर, वाय, बी म्हणतात. लाल, पिवळा, निळा हे त्यांचे रंग. घरात येणारा २४० व्होल्ट हा सरासरीच्या हिशोबाचा आकडा आहे. प्रत्यक्षात दाब सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होत ३३९ व्होल्टपर्यंत चढतो. ज्या क्षणी आर फेज या शिखरावर असतो, त्याच क्षणी वाय आणि बी दोघेही उलट दिशेला १७०-१७० व्होल्टवर असतात. बेरीज केली तर जवळपास शून्य. कोणताही क्षण घ्या, तिघांची बेरीज शून्यच येते.

सगळा फायदा या शून्यात आहे. तीन स्वतंत्र गुंडाळ्यांना जायला तीन आणि परतायला तीन अशा सहा तारा लागायला हव्यात. पण तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर परतीच्या करंटचीही बेरीज शून्य होते, मग परतीच्या तारा हव्यात कशाला? १८९१ साली जर्मनीतल्या लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर थ्री-फेज वीज तीन तारांवरून नेऊन दाखवली, त्यामागे हाच हिशोब होता. मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की हा त्या कामातला मुख्य अभियंता.

आता सहा टोकांच्या तीन तारा करायचे दोन मार्ग आहेत. तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधायची आणि उरलेल्या तीन टोकांतून तारा काढायच्या, हा स्टार. जिथे टोकं बांधली तो बिंदू म्हणजे न्यूट्रल. हवा असेल तर तिथून चौथी तार काढता येते. दुसरा मार्ग असा की पहिल्या गुंडाळीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला, दुसरीचं तिसरीच्या आणि तिसरीचं पुन्हा पहिलीच्या सुरुवातीला जोडायचं. त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या तीन कोपऱ्यांतून तीन तारा निघतात. हा डेल्टा. यात मधला बिंदूच नाही, त्यामुळे न्यूट्रल काढायची सोय नाही.

लाइन आणि फेज हा गोंधळ एका प्रश्नाने सुटतो: एका गुंडाळीवर स्वतःवर काय चाललंय? गुंडाळीच्या दोन टोकांमधला दाब म्हणजे फेज व्होल्टेज आणि तिच्या आतून वाहतो तो फेज करंट. बाहेरच्या कोणत्याही दोन तारांमधला दाब हा लाइन व्होल्टेज, आणि बाहेरच्या तारेतून वाहतो तो लाइन करंट. डेल्टात प्रत्येक गुंडाळी थेट दोन तारांमध्येच बसलेली असते, म्हणून तिच्यावरचा दाब आणि लाइन व्होल्टेज एकच. पण प्रत्येक तार दोन गुंडाळ्यांना मिळून करंट पुरवते, म्हणून करंट वेगळा. स्टारमध्ये नेमकं उलट होतं. तार सरळ एकाच गुंडाळीत शिरते, त्यामुळे करंट एकच; पण दोन तारांच्या मध्ये दोन गुंडाळ्या येतात, म्हणून दाब वेगळा.

किती वेगळा? दोनशे चाळीस आणि दोनशे चाळीस म्हणजे चारशे ऐंशी, असा मोह होतो. पण दोन्ही दाब एकाच वेळी शिखरावर नसतात, त्यांच्यात १२० अंशांचं अंतर असतं. कागदावर एका बिंदूतून २४० लांबीच्या दोन रेघा १२० अंशांचा कोन ठेवून काढा आणि त्यांची टोकं जोडा. तिसरी बाजू मोजली तर ४१५ भरते. मधोमध लंब टाकला की कारण दिसतं: प्रत्येक अर्धा भाग २४० गुणिले कोसाइन ३० अंश, म्हणजे जवळपास २०८, आणि दोन्ही मिळून ४१५. २४० च्या १.७३२ पट, म्हणजे तीनच्या वर्गमूळाइतकी. पुस्तकातला √३ इथून येतो, आणि डेल्टातल्या करंटलाही हीच रेखाकृती लागू पडते. मात्र ही पट तिन्ही फेज समतोल असतील तरच खरी. समतोल बिघडला की काय होतं, ते पुढे पाहूच.

आता पुन्हा डीपीकडे. समजा तिच्यावर १०० केव्हीए, ११००० / ४३३ व्होल्ट अशी नावपट्टी आहे. खाली ४३३, कारण गावाच्या टोकाच्या घरापर्यंत जाता जाता दाब उतरतो. त्याची भरपाई आधीच करून ठेवलेली असते. खालची बाजू स्टार, म्हणून तिच्या एका गुंडाळीवर ४३३ भागिले १.७३२, म्हणजे २५० व्होल्ट. वरची बाजू डेल्टा, म्हणून तिच्या एका गुंडाळीवर सगळेच्या सगळे ११००० व्होल्ट. वेढ्यांचं गुणोत्तर काढायचं ते या दोन आकड्यांचं: ११००० भागिले २५०, म्हणजे ४४. परीक्षेत बरेच जण ११००० ला ४३३ ने भागून २५.४ लिहून येतात. वेढे गुंडाळीवर असतात, तारेवर नाही, एवढं लक्षात ठेवलं तर ही चूक होत नाही.

करंटही त्याच वाटेने काढू. पूर्ण भाराला खालच्या प्रत्येक गुंडाळीतून १३३ अँपिअर वाहतात, आणि स्टार असल्यामुळे तारेतूनही तेवढेच. वरच्या गुंडाळीत त्याचा ४४वा हिस्सा, म्हणजे सुमारे ३ अँपिअर. डेल्टाच्या बाहेरच्या तारेत त्याची १.७३२ पट, म्हणजे सव्वापाच. पडताळायचं असेल तर ११००० गुणिले ५.२५ गुणिले १.७३२ करा, पुन्हा १०० केव्हीए मिळतील.

पण वर डेल्टा आणि खाली स्टार, असंच का? खालचं कारण उघड आहे. घरांना २४० व्होल्ट हवेत आणि पिठाच्या गिरणीला ४१५. न्यूट्रल असला की दोन्ही एकाच संचातून देता येतात. वरचं कारण जरा खोल आहे. गावात आरवर पंचवीस घरं, वायवर चाळीस, बीवर शाळा आणि चक्की, असा भार कधीच सारखा नसतो. ११ केव्हीच्या लाइनला न्यूट्रलची तार नसते. वरची बाजूही स्टारमध्ये ठेवली असती तर एका फेजच्या जादा करंटला वर परतीची वाट मिळाली नसती आणि मधला बिंदू एका बाजूला ओढला गेला असता. डेल्टात प्रत्येक गुंडाळी दोन तारांमध्ये स्वतंत्र असते. तिला हवा तेवढा करंट ती आपल्या दोन तारांतून ओढून घेते, शेजारणीचा दाब फारसा बिघडवत नाही.

या रचनेमुळे एक गंमत होते, आणि ती ओळखता आली की वायरमन यायच्या आधीच बिघाड कुठे आहे ते सांगता येतं. डीपीच्या वर, ११ केव्हीच्या प्रत्येक तारेत एक फ्यूज असतो, ज्याला सगळे डीओ म्हणतात. समजा तीनपैकी एक डीओ उडाला. एक तिसरा भाग अंधारात जाईल असं वाटतं ना? तसं होत नाही. डेल्टाचा एक कोपरा सुटला. उरलेल्या दोन तारांमधल्या गुंडाळीवर अजूनही पूर्ण ११००० व्होल्ट आहेत. बाकीच्या दोन गुंडाळ्या मात्र सुटलेल्या कोपऱ्यातून एकापुढे एक जोडल्या गेल्या आणि ११००० व्होल्ट त्यांच्यात वाटले गेले. दोन्हींवर भार सारखा असेल तर साडेपाच हजार प्रत्येकी. खाली त्याचा परिणाम असा होतो की एका फेजवरची घरं व्यवस्थित, २५० व्होल्टवर. उरलेल्या दोन फेजवर जेमतेम १२५. पंखे रेंगाळतात, जुना पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा दिसतो.

त्या मंद फेजच्या दोन तारांमध्ये मीटर लावला तर काय दिसेल? न्यूट्रलशी मोजलं तर दोन्हींवर १२५. एकमेकींत मोजलं तर शून्य! कारण आता या दोन्ही दाबांमध्ये १२० अंशांचं अंतर उरलेलं नाही, दोन्ही एकाच वेळी चढतात आणि उतरतात. चांगल्या फेजपासून मात्र दोन्ही ३७५ व्होल्टवर असतात, कारण चांगला फेज वर असतो तेव्हा हे दोघे खाली असतात. म्हणजे मीटर ३७५, ३७५ आणि शून्य दाखवतो. √३ चा मागमूस नाही. नावाला तीन फेज आहेत, पण फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करायला लागणारं अंतर त्यांच्यात राहिलेलं नाही. थांबलेली मोटर अशा वेळी चालू केली तर ती नुसती घूं करते, फिरत नाही, आणि बंद केली नाही तर जळते.

याउलट खालच्या बाजूचा, म्हणजे डीपीच्या पेटीतला एक फ्यूज गेला तर त्या फेजवरची घरं पूर्ण अंधारात जातात आणि बाकीच्यांना काहीच कळत नाही. म्हणून तक्रार नोंदवताना ‘लाइट गेली’ एवढंच सांगू नये. ‘दोन फेज मंद आहेत, एक बरोबर आहे’ असं सांगितलं तर ऐकणारा थेट डीओकडे जातो.

तिसरा बिघाड सर्वांत वाईट: न्यूट्रल तुटणं. अगदी साधं उदाहरण घेऊ. आर फेजवर एका घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे. वाय फेजवर शेजाऱ्याकडे पंखा, टीव्ही आणि दिवे मिळून २०० वॅट. तिसऱ्या फेजवर सध्या कोणी नाही. न्यूट्रल शाबूत आहे तोवर दोघांनाही २४० व्होल्ट मिळतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ताही नसतो. न्यूट्रल डीपीजवळ तुटला की दोन्ही घरांची परतीची वाट बंद होते, आणि करंट आर फेजमधून गीझर, तिथून शेजाऱ्याचं घर, तिथून वाय फेज असा जातो. दोन्ही घरं ४१५ व्होल्टवर एकापुढे एक लागली. गीझरचा रोध २८.८ ओहम, शेजाऱ्याचा २८८. दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून गीझरला मिळतात फक्त ३८ व्होल्ट आणि शेजाऱ्याच्या टीव्हीला ३७७.

यात अन्याय असा की ज्याने कमी वीज वापरली त्याचं घर जळतं. साधा एमसीबी करंट बघतो, दाब बघत नाही. तो पडेल या भरवशावर राहू नये. लक्षण ओळखायचं ते असं: एका घरात दिवे एकदम प्रखर झाले आणि त्याच वेळी दुसऱ्या घरात मंद झाले तर तो ‘व्होल्टेज कमी-जास्त’ नाही, न्यूट्रल गेलाय. मेन स्विच आधी पाडायचा, कारण नंतर शोधायचं. आणि तुटलेल्या न्यूट्रलच्या घराकडच्या तुकड्याला हात लावायचा नाही. डीपीशी अर्थिंगला जोडलेली म्हणून जी तार निर्धास्त वाटायची, तिच्यावर आता जीवघेणा दाब असू शकतो.

आता डीपीवरून निघून विहिरीवर जाऊ. तिथे साडेसात अश्वशक्तीची मोनोब्लॉक मोटर आहे. नावपट्टी सांगते: ५.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, डेल्टा, ११ अँपिअर. हे ११ लाइनचे आहेत. नावपट्टीवर नेहमी बाहेरच्या तारेचाच करंट लिहितात. पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तर मोटर ओढते ती शक्ती १.७३२ × ४१५ × ११ × ०.८२, म्हणजे सुमारे ६५०० वॅट. त्यातले ८५ टक्के पाण्याच्या कामी लागले तर बरोबर साडेपाच किलोवॅट. हे सूत्र स्टारला आणि डेल्टाला सारखंच चालतं. फक्त त्यातला कोन लाइनच्या दाबाचा आणि करंटचा धरायचा नाही. एका गुंडाळीवरच्या दाबाचा आणि त्याच गुंडाळीतल्या करंटचा धरायचा.

ही मोटर थेट ४१५ वर टाकली तर सुरुवातीला ती साधारण सहापट, म्हणजे ६६ अँपिअर ओढते. आधीच लांब लाइनवर आणि तेही रात्रीच्या पाळीत चार शेजाऱ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात तेव्हा दाब कोसळतो. म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर. मोटरच्या तीन गुंडाळ्यांची सहाही टोकं स्टार्टरमध्ये आणलेली असतात. आधी एक काँटॅक्टर त्यांना स्टारमध्ये बांधतो, काही सेकंदांनी टायमर तो सोडतो आणि दुसरा काँटॅक्टर डेल्टा करतो.

स्टारमध्ये गुंडाळीवरचा दाब ४१५ वरून २४० होतो. मग करंट ५८ टक्के व्हायला हवा, पण पुस्तक म्हणतं एक तृतीयांश. इथेही गुंडाळीलाच विचारायचं. डेल्टात तारेतले ६६ अँपिअर म्हणजे गुंडाळीत ३८. दाब १.७३२ पट कमी झाला, म्हणून गुंडाळीतला करंट २२ वर आला. आता जोडणी स्टार आहे, तेव्हा तारेतही तेच २२. एकदा दाब कमी झाला म्हणून, आणि दुसऱ्यांदा तारेला दोन गुंडाळ्या पोसायच्या नाहीत म्हणून, असा √३ ने दोनदा भाग गेला. ६६ चे २२ झाले.

याची किंमतही मोजावी लागते. मोटरचा जोर दाबाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून तोही एक तृतीयांश होतो. विहिरीवरच्या पंपाला हे चालतं, कारण पंपाला कमी वेगात फार जोर लागत नाही. पण भरलेल्या कॉम्प्रेसरला किंवा धान्य अडकलेल्या गिरणीला स्टारमध्ये उचलताच येत नाही. टायमर बिघडून मोटर स्टारमध्येच अडकली तर पंपही फसतो. अशा मोटरचा कमाल जोर पूर्ण भाराच्या अडीच पट असेल तर स्टारमध्ये तो ०.८३ पटच उरतो, म्हणजे पूर्ण भारालाही अपुरा. मोटर पूर्ण वेग घेत नाही, पाणी कमी पडतं, आवाज जड राहतो आणि गुंडाळ्या तापत जातात. सुरू केल्यावर काही सेकंदांनी येणारा तो ‘खट्’ ऐकू आला नाही तर मोटर लगेच बंद करावी.

शेवटी एक जागा, जिथे लाइन आणि फेज यांचा गोंधळ थेट पैशांत मोजला जातो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले बहुतेक वेळा मोटरकडे जाणाऱ्या तारांवर, म्हणजे गुंडाळीच्या मार्गात बसवलेला असतो. त्याच्यातून तारेचा करंट जात नाही, गुंडाळीचा जातो: ११ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे ६.४ अँपिअर. नावपट्टी वाचून कोणी रिले ११ वर लावला, तर बाहेरच्या तारेत १९ अँपिअर होईपर्यंत त्याला काही वावगं वाटणारच नाही, आणि तोवर मोटर जळालेली असेल. क्लॅम्प मीटर असेल तर खात्री करायला मिनिट पुरतं. मोटर भारावर चालू असताना स्टार्टरकडे येणाऱ्या तारेवर मीटर लावा, मग रिलेतून निघणाऱ्या तारेवर. पहिला आकडा दुसऱ्याच्या पावणेदोन पट आला तर रिले गुंडाळीच्या मार्गात आहे, आणि त्याची खूण ११ वर नाही, ६.४ वर हवी. दोन्ही आकडे सारखे आले तर रिले लाइनमध्ये आहे आणि ११ बरोबर आहे.